चालू धंदा शिस्तीत बंद करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: माझा ऑर्डरप्रमाणे लाकडी फर्निचर बनवण्याचा छोटा कारखाना आहे, सहा कामगार आहेत. काम कमी होत चालले आहे आणि बंद करायचे मनाशी ठरले आहे. बँकेचे कर्ज, लाकूड पुरवणाऱ्यांची देणी, पडून असलेला माल, कामगारांचे पैसे आणि ग्राहकांकडून घेतलेले ॲडव्हान्स, हे सगळे कोणाचेही न बुडवता कसे मिटवायचे? आधी कोणाला सांगायचे?

उत्तर:

कोणालाही काही सांगण्याआधी एका प्रश्नाचे लेखी उत्तर तयार करा: आज बंद करायला घेतले तर सगळ्यांचे पैसे देऊन काही उरते का, आणि उरत असेल तर दर महिन्याला त्यातले किती कमी होत आहे? धंदा बंद करायलाही पैसे लागतात, आणि बहुतेक छोटे मालक हा खर्च धरतच नाहीत. खात्यातली रक्कम संपत आली की बंद करू, असा त्यांचा हिशेब असतो. त्या दिवशी मात्र शेवटचे पगार, भाडे, वाहतूक आणि ग्राहकांचे परतावे यांच्यासाठी काहीच शिल्लक नसते. म्हणून बंद करण्याची तारीख ठरवताना खात्यातल्या शिलकीकडे न पाहता बंद करण्याच्या खर्चाकडे पाहावे.

हा हिशेब ताळेबंदावरून होत नाही. ताळेबंदात मालाची खरेदी किंमत आणि यंत्रांची घसारा वजा जाता किंमत असते; बंद करताना मात्र घाईत, ठरलेल्या मुदतीत, उचलून नेणारा माणूस काय देईल तीच किंमत खरी. तुमच्यासारख्याच एका कारखान्याचे उदाहरण मांडतो. आकडे कोणत्याही चलनातले हजार समजा. ते केवळ पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत.

खात्यात ९० आहेत. ग्राहकांकडून येणे पुस्तकात २४०, पण जुनी आणि वादातली बिले वगळून १८० येतील. तयार फर्निचरची पुस्तकी किंमत २००, विकून ११० मिळतील. लाकूड, प्लायवुड, बिजागऱ्या, पॉलिश असा कच्चा माल १६० चा, त्याचे ७० येतील. यंत्रे पुस्तकात ३००, बाजारात १५०. जागेच्या अनामतीतून दुरुस्तीचे कापून २५ परत मिळतील. अर्धवट ऑर्डरींचे ग्राहकांकडून ६५ ॲडव्हान्स घेतले आहेत; त्या पूर्ण केल्या तर डिलिव्हरीच्या वेळी आणखी ८५ मिळतील. येणारी एकूण रक्कम ७१० होते.

देण्यांच्या बाजूला यंत्रांवरचे कर्ज १२०, पुरवठादार १९०, कर ३०, आणि कामगारांचे नोटीस, शिल्लक रजा व सेवासमाप्तीचे मिळून ८५, असे ४२५ आहेत. आता बंद करण्याचा खर्च पाहू. पहिले दोन महिने सगळ्यांचे पगार आणि तिसऱ्या महिन्यात मागे राहिलेल्या दोघांचे, असे ८६. तीन महिन्यांचे भाडे ३६. अर्धवट कामे पुरी करण्याचे साहित्य १५. वीज, विमा, वाहतूक आणि हिशेबनिसाची फी ३३. हे १७० झाले. ७१० मधून ४२५ आणि १७० गेले की ११५ उरतात.

याचा अर्थ हा धंदा सगळ्यांचे पूर्ण देऊन बंद होऊ शकतो, पण आजच. तो दरमहा २५ ने तोट्यात असेल तर सुमारे साडेचार महिन्यांत ही शिल्लक संपते. सहा महिने ‘बघू, सीझन येतोय’ म्हणत काढले तर १५० जातात आणि ३५ ची तूट येते. म्हणजे तोपर्यंत कोणाचे ना कोणाचे पैसे बुडणार हे ठरून गेलेले असते. बंद करण्याच्या निर्णयात उशिराची किंमत मोजताना मालक स्वतःच्या मनाची तयारी मोजतो. ती किंमत खरे तर कामगार आणि पुरवठादार मोजत असतात. माझ्या कामात सर्वांत जास्त दुःख मी याच एका गोष्टीमुळे पाहिले आहे.

हिशेब उलटा निघाला, म्हणजे शेवटी तूट आली, तर इथेच थांबा. पुढे लिहिलेली योजना पैसे पुरतात अशा धंद्यासाठी आहे. तुटीच्या स्थितीत कोणाला आधी द्यायचे हे मालकाने आपल्या मनाने ठरवायचे नसते. तारण असलेली देणी, कामगारांची देणी, कर आणि बाकीचे साधे धनको यांचा क्रम त्या त्या देशाच्या दिवाळखोरीच्या कायद्यात दिलेला असतो. शेवटच्या काळात भावाचे उसने फेडणे, जुन्या ओळखीच्या पुरवठादाराला गुपचूप पूर्ण रक्कम देणे, किंवा स्वतःची वैयक्तिक हमी असल्यामुळे बँक आधी मोकळी करणे, असे व्यवहार पुष्कळ ठिकाणी मागाहून रद्द ठरवले जातात आणि मालकावर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते. अशा वेळी घोषणा करण्यापूर्वी या विषयातल्या वकिलाकडे किंवा दिवाळखोरी व्यावसायिकाकडे जावे.

पैसे पुरतात असे दिसल्यावर दुसरे काम म्हणजे हाच हिशेब आठवड्यांत मांडणे. तेरा आठवड्यांचा तक्ता करा: प्रत्येक आठवड्यात सुरुवातीची शिल्लक, येणारे, जाणारे आणि अखेरची शिल्लक. वरच्या उदाहरणात शेवटी ११५ उरत असले तरी पहिल्या महिन्याअखेर हातात फक्त ९७ असतात, कारण यंत्रे आणि लाकूड शेवटी विकले जाते. त्याच महिन्यात सगळ्या पुरवठादारांनी एकदम १९० मागितले तर पगार थांबतील, कामगार जातील, अर्धवट ऑर्डरी तशाच पडतील आणि शिल्लक असलेली योजना तुटीत जाईल. कागदावर पैसे पुरतात आणि तरी वेळेवर पुरत नाहीत, अशीच ही गोष्ट असते. तक्त्यातली अखेरची शिल्लक एखाद्या आठवड्यात त्या महिन्याच्या पगाराच्या खाली गेलेली दिसली, तर तो आठवडा आधीच सोडवून ठेवा: एखादी मोठी वसुली पुढे ओढा किंवा तयार मालाचा एक लॉट लवकर काढा.

तक्ता तयार होईपर्यंतच्या आठवड्या-दोन आठवड्यांत दोन गोष्टी शांतपणे उरकाव्यात. सर्व येण्याची बिले अद्ययावत करून प्रत्येक ग्राहकाकडून शिल्लक मान्य असल्याचे लेखी घ्यावे, आणि थकलेल्या बिलांचा पाठपुरावा वाढवावा. धंदा बंद होतोय हे कळल्यावर देणेकऱ्यांचे वागणे बदलते. काल ज्या टेबलाबद्दल काही तक्रार नव्हती त्याच्या पॉलिशमध्ये आज दोष निघतो. लेखी मान्यता असली की अशा तक्रारींना फारसा आधार राहत नाही. दुसरी गोष्ट, लाकडाच्या आणि साहित्याच्या कायम ऑर्डरी बंद करा. यापुढे लागेल तेवढेच आणि रोखीने घ्या. बंद करायचे ठरल्यानंतर उधारीवर माल उचलणे हे पुरवठादाराला अंधारात ठेवणे आहे.

आता कोणाला कधी सांगायचे ते पाहू. सर्वप्रथम कामगारांना, सर्वांना एकत्र बसवून, आणि त्याच दिवशी बँकेला. दुसऱ्या दिवशी पुरवठादार आणि जागामालक. त्यानंतर ॲडव्हान्स दिलेले ग्राहक, आणि मग बाकीचे. हा सगळा प्रवास तीन-चार दिवसांत संपायला हवा, कारण त्याहून लांबला तर बातमी तुमच्या आधी पोहोचते आणि वाटेत बदलते.

कामगारांना सांगताना हातात प्रत्येकाच्या नावाचा कागद असावा. ‘सगळ्यांचे पैसे मिळतील’ या वाक्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवायचे कारणही नाही. कागदावर शेवटच्या दिवसाची तारीख, त्या दिवसापर्यंतचा पगार, ओव्हरटाइम, शिल्लक रजेचे पैसे, नोटिशीचे पैसे, कायद्याने देय असलेली सेवासमाप्तीची रक्कम, त्याने खिशातून केलेला खर्च, घेतलेली उचल आणि शेवटी हातात येणारा आकडा व तो मिळण्याची तारीख, असे वेगवेगळे लिहा. उचल कापायची असेल तर त्याची सही घेऊनच कापा. नोटिशीचा काळ, भरपाईचा दर आणि कामगार कार्यालयाला आधी कळवणे या गोष्टी ठिकाणानुसार बदलतात, त्यामुळे हा कागद वाटण्यापूर्वी स्थानिक नियम जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. त्यांच्या पगारातून कापलेला कर आणि निधीची वर्गणी हा तुमचा पैसा नाही. ती रक्कम कोणत्याही पुरवठादाराच्या आधी भरायची असते आणि ती अडकवून ठेवणे मालकाला स्वतःला महागात पडते.

उदाहरणातल्या सहा जणांपैकी चौघे दुसऱ्या महिन्याअखेर जातात आणि दोघे तिसरा महिना थांबतात: एक पॉलिशचा कारागीर आणि एक जो माल मोजून, बांधून, गाडीत चढवून देतो. थांबणाऱ्यांना थोडी जास्त रक्कम कबूल करावी, पण ती शेवटच्या दिवशीच द्यावी आणि ठरलेले काम पुरे झाल्यावर द्यावी. हे लेखी असावे. या उदाहरणात ती ८५ मध्येच धरली आहे. चौघांचे मिळून ५५ दुसऱ्या महिन्याच्या तक्त्यात आधीच राखलेले आहेत. शक्य असेल तर ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. मात्र कर्ज ज्या बँकेचे आहे तिथेच हे खाते असेल तर आधी कर्जाचा करार वाचा: ग्राहकाच्या खात्यातली शिल्लक कर्जापोटी वळती करून घेण्याचा अधिकार बँकेला अनेकदा करारात दिलेला असतो. बँकेला योजना दाखवून, पगाराच्या रकमेला हात लावला जाणार नाही असे लेखी मागून घेणे हाच सरळ मार्ग आहे. अनुभवाचे दाखले मात्र पहिल्याच आठवड्यात देऊन टाका. माणसे नवीन काम शोधायला लागलेली असतात.

बँकेकडे जाताना यंत्रांची यादी, प्रत्येकाचा बाजारभाव आणि तेरा आठवड्यांचा तक्ता घेऊन जा. यंत्रे तारण आहेत, म्हणून बँकेच्या लेखी संमतीशिवाय एकही विकता येणार नाही. खरेदीदार ठरल्यावर त्याचे पैसे थेट कर्जखात्यात जमा करून ना-हरकत पत्र घेण्याची पद्धत दोघांनाही सुरक्षित वाटते. उदाहरणात सोपे जावे म्हणून सगळे कर्ज शेवटच्या महिन्यात फेडलेले धरले आहे; प्रत्यक्षात हप्ते चालू राहतील आणि ते तक्त्यात त्या त्या आठवड्यात दाखवावे लागतील.

पुरवठादारांच्या बाबतीत एक तत्त्व मोडू नका: सगळ्यांना सारखे. जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी दिले की ती गोष्ट दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना कळते आणि प्रत्येक जण ओरडू लागतो. उदाहरणात सर्वांना दुसऱ्या महिन्याअखेर थकबाकीच्या ३० टक्के, म्हणजे मिळून ५७, आणि उरलेले १३३ तिसऱ्या महिन्याअखेर, यंत्रे व लाकूड विकल्यावर, असे वेळापत्रक दिले आहे. हे पत्राने कळवा, त्यात त्याची आजची थकबाकी आकड्यात लिहा आणि मान्य असल्याची सही मागवा. पहिला हप्ता तारखेला पोहोचला की बहुतेक जण शांत होतात. काही पुरवठादारांचा न उघडलेला माल त्यांनाच परत देता येतो आणि तेवढे देणे कमी होते. पैसे मिळेपर्यंत मालाची मालकी पुरवठादाराकडे राहील अशी अट बिलावर असेल तर तो माल विकण्यापूर्वी त्याच्याशी बोलणे भागच आहे.

मालाचा विचार करताना लक्ष तयार फर्निचरकडे जाते, पण खरे पैसे अर्धवट कामात असतात. ऑर्डरप्रमाणे बनवलेले कपाट एकाच घराच्या भिंतीच्या मापाचे असते. अर्धवट स्थितीत त्याला दुसरा गिऱ्हाईक नाही. उदाहरणातल्या अर्धवट ऑर्डरी सोडून दिल्या तर ॲडव्हान्सचे ६५ परत करावे लागतील आणि सुट्या फळ्यांचे फार तर १० येतील, म्हणजे ५५ हातचे जातात. त्याच पुऱ्या केल्या तर साहित्यावर १५ घालून ८५ येतात, म्हणजे ७० हाती येतात. फरक १२५ चा आहे, आणि पूर्ण धंद्याची शिल्लकच ११५ आहे. कामगार पहिले दोन महिने थांबणे किती महत्त्वाचे आहे ते इथे कळते. त्यांना नीट वागवण्याचे कारण हे नसले तरी हिशेबही त्याच बाजूने आहे. मात्र प्रत्येक ऑर्डर वेगळी तपासा. राहिलेले साहित्य आणि मजुरी मिळून येणाऱ्या बाकीपेक्षा जास्त होत असेल तर ती ऑर्डर पुरी करण्यापेक्षा परतावा दिलेला बरा.

तयार माल आधी जुन्या ग्राहकांना आणि विक्रेत्यांना दाखवा, मग खुली विक्री करा, आणि जे उरेल ते एका खरेदीदाराला एकगठ्ठा द्या. सवलत एकदम अर्ध्यावर आणू नका. पण दोन आठवड्यांत जी वस्तू कोणी विचारलीही नाही तिची किंमत उतरवायला कचरू नका, कारण ती जागा अडवते आणि जागेचे भाडे चालू आहे. कच्चे लाकूड दुसऱ्या कारखानदाराला गाडीभर मोजून देणे किरकोळ विकण्यापेक्षा सोपे जाते. यंत्रे शेवटी विकावीत, आणि त्यातही कटिंगचे यंत्र सगळ्यात शेवटी, कारण शेवटच्या ऑर्डरीत एखादी फळी आखूड निघतेच. दुरुस्तीसाठी आलेल्या ग्राहकांच्या वस्तू पहिल्या दिवशीच वेगळ्या ठेवून त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावा. गर्दीत त्या विकल्या गेल्या तर त्याची भरपाई पैशाने होत नाही.

ग्राहकांशी बोलताना पहिला नियम असा, की बंद करण्याचा निर्णय झाल्यावर जी ऑर्डर पुरी करू शकणार नाही तिचा ॲडव्हान्स घ्यायचा नाही. चालू महिन्याचे पगार भागवायला नवा ॲडव्हान्स घेण्याचा मोह फार मोठा असतो. पण पुरे होणार नाही हे माहीत असताना पैसे घेणे ही फसवणूक आहे, आणि कायदाही तिला तसेच पाहू शकतो. शेवटची ऑर्डर घेण्याची तारीख ठरवा आणि ती पाळा.

ॲडव्हान्स दिलेल्यांना पत्राआधी फोन करा. पत्र छोटे असावे आणि त्यात तारखा असाव्यात. उदाहरणार्थ: ‘आम्ही अमुक तारखेपासून काम थांबवत आहोत. आपल्या कपाटाचे काम चालू असून ते अमुक तारखेपर्यंत घरी पोहोचवून बसवून देऊ. आपण दिलेली रक्कम इतकी, डिलिव्हरीच्या वेळी देय बाकी इतकी. त्या तारखेला काम पुरे झाले नाही तर आपली पूर्ण रक्कम सात दिवसांत परत करू. काही विचारायचे असल्यास या क्रमांकावर अमुक तारखेपर्यंत मी स्वतः उपलब्ध आहे.’ एवढे पुरे. धंदा का बंद होतोय याची लांबलचक कहाणी पत्रात नको. ग्राहकाला त्याचे कपाट हवे असते. परताव्याची रक्कम कबूल केली असेल तर ती तक्त्यात आठवड्यासह दिसली पाहिजे, नाहीतर ते वचन नुसते कागदावर राहते.

वॉरंटीचा प्रश्न सहसा राहून जातो. दिलेली हमी धंदा बंद झाल्याने आपोआप संपत नाही. एखाद्या विश्वासू कारागिराशी, शक्यतो तुमच्याच जुन्या कारागिराशी, ठरावीक रकमेत किरकोळ दुरुस्त्या करून देण्याचा लेखी करार करा आणि ग्राहकांना त्याचे नाव कळवा; त्यासाठी ग्राहकाचा पत्ता त्याला देण्यापूर्वी ग्राहकाची संमती घ्या. मापांची रेखाचित्रे आणि पॉलिशच्या रंगांचे मिश्रण ग्राहकालाच देऊन टाकले तर पुढे कोणीही दुरुस्ती करू शकतो.

शेवटचा दिवस उलटला तरी बँक खाते, फोन आणि ईमेल चालू ठेवा. विमा शेवटचे यंत्र जागेतून बाहेर पडेपर्यंत बंद करू नका. रिकाम्या होत चाललेल्या कारखान्यात चोरीचा आणि आगीचा धोका उलट वाढतो. जागा सोडताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून जागामालकाची सही असलेला ताबा-कागद घ्या, कारण अनामतीतून किती कापायचे याचा वाद त्याच कागदावर मिटतो. नोंदण्या आणि परवाने शेवटचे कर-विवरण भरल्यावरच रद्द करा. आधी रद्द केले तर उशिरा आलेले येणे पावती देऊन घेण्यात अडचण येऊ शकते. हिशेबाची पुस्तके आणि कामगारांच्या पावत्या कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवा.

उदाहरणात तिसऱ्या महिन्याअखेर खात्यात ९० असतात आणि अनामतीचे २५ नंतर येतात. ही ११५ ची रक्कम मालकाची असली तरी ती लगेच काढू नका. वीज मंडळाचे शेवटचे बिल, करनिर्धारणातला फरक, एखाद्या पुरवठादाराचे राहून गेलेले चलन, एखाद्या ग्राहकाचा परतावा, हे सगळे धंदा बंद झाल्यावर काही महिन्यांनी येते. कर खात्याकडून आणि बँकेकडून काही देणे नाही असे लेखी हातात आल्यावर, आणि प्रत्येक कामगाराची व पुरवठादाराची पूर्ण पैसे मिळाल्याची सही फाइलला लागल्यावर, उरलेली रक्कम तुमची आहे असे समजा आणि मगच खाते बंद करा.